पापणीसारखा मिटणारा स्नायू

*ताई, माझं वय २८. लग्नाला दीड वर्ष झालं, पण आमचा शरीरसंबंध एकदाही पूर्ण झालेला नाही. नवऱ्याचा स्पर्श आवडतो, जवळीक हवीशी वाटते. पण पुढे जायची वेळ आली की मांड्या आपोआप आवळतात, आग होते आणि मी त्याला ढकलून देते. तो म्हणतो, भिंतीला धडकल्यासारखं वाटतं. पाळी नियमित आहे. टॅम्पॉन कधी जमला नाही. डॉक्टरांकडे गेले तेव्हा हातातलं उपकरण बघूनच मी टेबलावर मागे सरकले. त्या म्हणाल्या, ‘एवढं काय घाबरायचं? पडदा जाड असेल, छोटंसं ऑपरेशन करून टाकू.’ नवऱ्याला आता वाटायला लागलंय की मला तोच नकोय. माझ्या योनीचं तोंड जन्मतःच लहान आहे का? ऑपरेशन करून घेऊ का? आणि हे असंच राहिलं तर मूल होईल का?*

ऑपरेशनची तारीख घेतली असेल तर आधी फोन करून ती रद्द करा. मग पुढचं वाचा.

पडद्याने योनीचं तोंड खरोखर बंद असतं, तर पाळीचं रक्त बाहेर आलंच नसतं. ते आत साठत गेलं असतं, महिन्याच्या महिन्याला ओटीपोटात कळा आल्या असत्या, आणि ही गोष्ट वयात येतानाच लक्षात आली असती. काहींचा पडदा जाड असतो, काहींच्या पडद्यात मधोमध आडवी-उभी पट्टी असते, हे खरं आहे. पण ते बघून ठरवायचं असतं आणि तुमच्या बाबतीत अजून कोणी नीट बघितलेलंच नाही. न बघता ‘असेल’ म्हणून कात्री लावायची नसते.

शिवाय पडदा कितीही जाड असला तरी तो मांड्या आवळत नाही. उपकरण अंगाला लागायच्या आधीच, नुसतं दिसल्यावर माणसाला टेबलावर मागे ढकलत नाही. तुम्ही जे लिहिलंय ते व्हजायनिस्मसचं वर्णन आहे, आणि दोष तोंडाच्या मापात नाही, त्याच्याभोवतीच्या स्नायूंच्या सवयीत आहे.

जघनाच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय हे सगळं तिच्यावर टेकलेलं असतं. लघवीचा, योनीचा आणि शौचाचा असे तीनही मार्ग तिच्यातूनच बाहेर पडतात. लघवी मध्येच थांबवताना आपण जे आवळतो ते हेच स्नायू. म्हणजे ते आपल्या हुकमातले आहेत, पण पूर्ण नाहीत. डोळ्याचं उदाहरण घ्या. पापणी आपण हवी तेव्हा मिटतो, उघडतो. पण डोळ्यात औषधाचा थेंब टाकायला कोणी हात जवळ आणला की पापणी आपल्याला न विचारता मिटते. ‘मिटू नकोस’ असं ओरडून ती उघडी राहत नाही, आणि बोटांनी ताणून उघडली तर पुढच्या वेळी आणखी लवकर मिटते. तुमच्या त्या झोळीचं हेच होतंय. योनीच्या तोंडापाशी, आत जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर, स्नायूंचा हा पट्टा गच्च होतो. नवऱ्याला जी भिंत लागते ती हीच. तिच्या पलीकडे जागा आहे, नेहमीएवढीच. एरवी तुम्ही बसता, चालता, झोपता तेव्हा ती भिंत तिथे नसतेच.

एकदा आवळलेल्या स्नायूवर कोणी जोर केला की दुखतं, आग होते. मेंदू नोंद करून ठेवतो: इथे दुखतं. पुढच्या वेळी तो आधीच दार लावून घेतो, त्यामुळे आणखी दुखतं. दीड वर्ष असे प्रयत्न झाले, तर हे चक्र किती वेळा फिरलं असेल याचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून ‘प्रयत्न करत राहा, हळूहळू होईल’ हा सल्ला मला सगळ्यात वाईट वाटतो. जोराच्या प्रत्येक प्रयत्नाने हा आजार पक्का होतो.

सुरुवात कशाने झाली? कोणाच्या बाबतीत लहानपणी झालेला अत्याचार असतो, कोणाच्या बाबतीत रांगडी पहिली तपासणी, कोणाच्या कानावर ‘पहिल्या रात्री फार दुखतं, रक्त येतं’ हे इतक्यांदा पडलेलं असतं की शरीर तयारीतच बसलेलं असतं. आणि पुष्कळ जणींच्या बाबतीत शोधूनही काही सापडत नाही. सापडलं नाही म्हणून उपचार अडत नाहीत, त्यामुळे भूतकाळ खणत बसायची सक्ती नाही. पण काही घडलेलं असेल आणि ते मनात टोचत असेल, तर ते समुपदेशकाशी बोलणं हा उपचाराचाच भाग समजा.

जाता जाता ऑपरेशनबद्दल एक. या आजाराला व्हजायनिस्मस हे नाव १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला मॅरियन सिम्स या अमेरिकन शल्यचिकित्सकाने दिलं. त्याचा उपाय होता पडदा काढून टाकणं, तोंडाशी स्नायूला छेद देणं आणि मग काचेची नळी आत ठेवणं. त्यातली नळीची कल्पना टिकली, वेगळ्या रूपात. कापण्याची कल्पना मागे पडली, कारण पडदा काढला तरी आवळणारा स्नायू जागेवरच राहतो, आणि वर शिवलेल्या जागी दुखरा व्रण राहण्याची शक्यता. तुम्हाला सुचवलेला उपाय दीडशेहून अधिक वर्षं जुना आहे.

आता तुमच्या पत्रातला एक शब्द मला सोडायचा नाही: आग. स्नायू आवळल्यानेही आग होते, पण योनीच्या तोंडाशी नाजूक त्वचेचाच काही त्रास असेल तरी आग होते, आणि तो त्रास तसाच ठेवून स्नायूंचे व्यायाम सुरू केले तर ते व्यायाम म्हणजे रोजचा छळ होतो. त्यामुळे एकदा बाहेरून बघणं आवश्यक आहे. फक्त बाहेरून. यात आत काहीही घालायचं नसतं. जंतुसंसर्ग आहे का, त्वचेवर पांढरट, खाजरे पट्टे आहेत का, पडद्यात ती पट्टी आहे का, हे नुसतं बघून कळतं. मग ओल्या कापसाची काडी योनीच्या तोंडाभोवती हलकेच टेकवतात, घड्याळाचे आकडे धरून. इतक्या हलक्या स्पर्शालाही एखाद्या ठिकाणी, बहुधा खालच्या बाजूला, पाच आणि सात वाजल्याच्या जागी सुई टोचल्यासारखी आग झाली, तर त्वचेतल्या मज्जातंतूंचा त्रास आहे आणि त्याचे उपचार आधी किंवा बरोबरीने करावे लागतात. काडीचा स्पर्श नुसता स्पर्शच वाटला, तर बाकीचं काम स्नायूंचं आणि भीतीचं. घरीही याचा अंदाज घेता येतो: कोणीही आत यायचा प्रयत्न करत नसताना, एकटीने, स्वतःच्या बोटाने तोंडाला बाहेरून स्पर्श केला तर आग होते का?

ही तपासणी कशी व्हावी हे सांगते, कारण पुढच्या टेबलावर तुम्हाला पुन्हा मागे सरकायला लागू नये. पहिल्या भेटीत कपडे काढायची गरज नाही, नुसतं बोलणं पुरतं. दुसऱ्या भेटीत तुमच्या हातात आरसा असावा आणि बघताना तुम्हीही बघावं. ‘थांबा’ म्हटलं की हात थांबायला हवा, तोही लगेच, ‘झालंच, एक सेकंद’ न म्हणता. स्पेक्युलम, म्हणजे ते चोचीसारखं उपकरण, त्या दिवशी खोलीत दिसूही नये. सोनोग्राफी लागली तर पोटावरून होते. ज्या डॉक्टरांना एवढा वेळ नाही, त्या वाईट असतील असं नाही, पण या कामासाठी त्या तुमच्या नव्हेत.

१९७८ मध्ये लॅमाँट या डॉक्टरांनी या त्रासाच्या चार पायऱ्या केल्या होत्या, त्याही टेबलावरच्या वागण्यावरून. पहिलीतली बाई आवळते पण धीर दिल्यावर सैल होते. दुसरीत स्नायू शेवटपर्यंत गच्च राहतात. तिसरीत बाई कंबर उचलते. चौथीत मागे सरकते, मांड्या मिटते, तपासू देत नाही. तुम्ही चौथीत बसता. हे घाबरवायला सांगत नाही. चौथीतल्या बायकाही बऱ्या होतात. ज्या घाबरण्यावरून ‘एवढं काय घाबरायचं’ हे तुम्हाला ऐकावं लागलं, ते घाबरणंच मुळात या आजाराचं लक्षण आहे आणि डॉक्टरांच्या पुस्तकात त्याची श्रेणी दिलेली आहे, एवढंच तुम्हाला कळावं.

उपचाराचं मूळ तत्त्व एका वाक्यात मावतं: मेंदूने ‘आत काही आलं की दुखतं’ हे अनुभवाने शिकलंय, तर ‘आत काही आलं तरी दुखत नाही’ हेही त्याला अनुभवानेच शिकवायचं, इतक्या लहान घासांनी की दार लावून घ्यायची त्याला गरजच वाटू नये. घास किती मोठा, कधी घ्यायचा, कधी थांबायचं हे ठरवणारा हात तुमचा. म्हणूनच उपचार सुरू झाल्या दिवसापासून संबंधाचा प्रयत्न बंद. बंद म्हणजे पूर्ण बंद, दोघांनी मोठ्याने बोलून ठरवलेला. जवळ येणं, मिठी, स्पर्श, एकमेकांना सुख देणं चालू ठेवा, फक्त आत जायचा विषय नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या जोडीने १९७० मध्ये अशा बंदीभोवती उपचाराची एक पद्धत मांडली, आणि ती अजून वापरात आहे. बंदी घातली की अनेकींची पहिली प्रतिक्रिया असते ती सुटकेची. रात्री नवऱ्याने नुसता हात धरला तरी ‘आता पुढे काय’ म्हणून अंग ताठ व्हायचं, ते थांबतं.

पहिले आठ-दहा दिवस फक्त ही झोळी ओळखायची. पाठीवर झोपा, गुडघे वाकवून बाजूला सैल सोडा, हवं तर दोन्हीखाली उशा ठेवा. श्वास पोटात घ्या. श्वास आत जाताना पोट वर येतं आणि त्याच वेळी खाली, बैठकीपाशी, काहीतरी हलकंसं खाली सरकतं. ते जाणवायला चार-पाच दिवस लागतील. मग लघवी रोखताना आवळतो तसं पाच सेकंद आवळा आणि दहा सेकंद सोडून द्या. आवळणं इथे नुसतं तुलनेसाठी आहे, व्यायाम सोडण्याचा आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण केगल व्यायाम या नावाखाली ‘आवळा, आवळा’ असं शिकवलेलं सगळीकडे सापडतं. तो सैल स्नायू घट्ट करण्याचा व्यायाम आहे. तुमच्या स्नायूंना आवळणं आधीच नको तितकं येतं.

त्यानंतर आरसा. तुमच्या वयाच्या कितीतरी बायकांनी स्वतःचा हा भाग कधी पाहिलेला नसतो, आणि मनातलं चित्र प्रत्यक्षापेक्षा फार भयंकर असतं. आरशात बघत बघत आवळा-सोडा करा. तोंड मिटताना आणि उघडताना चक्क दिसतं. मला वाटतं, संपूर्ण उपचारात ‘हे बंद नाहीये’ हे स्वतःच्या डोळ्यांनी पटण्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

मग बोट. नखं कापलेली, पाण्यात मिसळणारं वंगण भरपूर लावलेलं. आधी बाहेर टेकवून ठेवायचं, हलवायचं नाही. मग करंगळीचं टोक, मग पहिलं पेर, मग पूर्ण करंगळी, मग तर्जनी. काहींना स्वतःचं बोट नकोसं वाटतं, त्या थेट डायलेटरने सुरुवात करतात. डायलेटर म्हणजे सिलिकॉनच्या किंवा प्लास्टिकच्या गुळगुळीत कांड्यांचा संच. सगळ्यात लहान साधारण करंगळीएवढी, एक-सव्वा सेंटिमीटर व्यासाची, सगळ्यात मोठी साडेतीन-चार सेंटिमीटरची, मध्ये चार-सहा मापं. सिलिकॉनच्या कांडीला सिलिकॉनचं वंगण लावू नका, ती खराब होते. आठवड्यातून चार-पाच दिवस, दहा-पंधरा मिनिटं पुरे. रविवारी तासभर आणि मग आठवडा कोरडा, याने काही साधत नाही.

नाव डायलेटर असलं तरी त्याचं काम तोंड ताणून मोठं करणं नाही. ते मोठं करायची गरजच नाही, हे आधी झालंय. आत काहीतरी असताना गप्प पडून राहायची सवय लावणं, एवढंच त्याचं काम.

घालताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली दिशा. योनीचा मार्ग सरळ वर, बेंबीकडे जात नाही. झोपलेलं असताना तो मागे, माकडहाडाच्या दिशेने उतरत जातो. सरळ वर लोटलं की कांडी जघनाच्या हाडाखाली लघवीच्या नळीवर दाबते आणि दुखतं, आणि बाई समजते की आपल्याला जमत नाही. दुसरी श्वास. आत घालताना श्वास रोखला की झोळी आवळते. हळू श्वास सोडत, वारा सरायला लावतो तितपत, अगदी हलका खाली जोर द्या. त्या क्षणी स्नायू उघडतो, तेव्हाच कांडी पुढे सरकवा.

आणि आता या सगळ्यातला कळीचा क्षण. कांडी अर्धी आत आहे आणि एकदम भीती उसळते, स्नायू गच्च होतो. अशा वेळी हात झटकन बाहेर काढतो. काढल्याबरोबर हायसं वाटतं, आणि मेंदू पुन्हा नोंद करतो: बाहेर काढलं म्हणून वाचलो. तर पुढे लोटायचं नाही, पण काढायचंही नाही. जिथे आहे तिथे धरून ठेवायचं, श्वास चालू, डोळे उघडे. भीतीला शून्य ते दहा गुण देत राहा. सात असेल तर बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत पाच होते, मग तीन. स्नायू फार वेळ गच्च राहू शकत नाही, तो दमतो. तीनला आल्यावर, शांतपणे, तुमच्या मर्जीने बाहेर काढा. खरंच टोचलं, कापल्यासारखं झालं तर मात्र लगेच थांबायचं. भीती आणि वेदना यांतला हा फरक सुरुवातीला कळत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांत कळायला लागतो. पुढची कांडी कधी घ्यायची याचं उत्तरही यातच आहे: सध्याची कांडी आत घालताना भीती दोन-तीनच्या वर जात नाही, आणि असं ओळीने तीन-चार वेळा झालं, की पुढची.

नेदरलँड्समध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुरुवातीपासून व्हजायनिस्मस असलेल्या ७० स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाने नेमकं हेच केलं: आठवड्याभरात जास्तीत जास्त तीन, दोन-दोन तासांच्या बैठका, जोडीदार हजर, थेरपिस्ट सांगणार आणि बाई स्वतःच्या हाताने पायऱ्या चढणार. दुसऱ्या गटाला थांबायला सांगितलं होतं. तीन महिन्यांनी पहिल्या गटातल्या ३५ पैकी ३१ जणींना संबंध जमले होते. थांबलेल्या ३५ मध्ये फक्त ४ जणींना. सगळ्यांचं इतक्या झटपट होत नाही, घरी केलं तर काही महिने धरून चाला. पण आपोआप बरं व्हायची वाट बघणं हा काही उपचार नव्हे, हे त्या चारच्या आकड्यावरून दिसतं.

माझ्याकडे आलेल्या एकीची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. वय ३१, लग्नाला चार वर्षं, तुमच्यासारखीच टेबलावर मागे सरकणारी. कापसाच्या काडीला काही त्रास नव्हता, म्हणजे त्वचा ठीक. तिसऱ्या आठवड्यात बोट जमलं, पाचव्यात दोन नंबरची कांडी. तीन नंबरला गाडी अडली ती तीन आठवडे. ती रोज नेटाने बसायची आणि रोज रडून उठायची. मी तिला एकदा माझ्यासमोर करायला सांगितलं, आणि दोन मिनिटांत कळलं: ती कांडी सरळ वर लोटत होती आणि दात-ओठ आवळून श्वास धरत होती. दिशा बदलली, श्वास सोडायला लावला, त्याच दिवशी तीन नंबर अर्धी गेली. शिवाय तिने एक युक्ती स्वतः काढली: आधी पाच मिनिटं दोन नंबर, मग लगेच तीन.

खरी घसरगुंडी पुढे झाली. पाच नंबर आरामात जायला लागल्यावर दोघांनी ठरवलं, आता काय राहिलं, आणि बंदी मोडून त्याच रात्री प्रयत्न केला. भिंत पुन्हा उभी. ‘कांडी जाते, तो जात नाही, म्हणजे मला तोच नकोय,’ असं म्हणत ती आली. तसं काही नव्हतं. कांडी तिच्या हातात होती, हलत नव्हती, तिला वजन नव्हतं, तिच्या काही अपेक्षा नव्हत्या. नवरा म्हणजे यातलं सगळं एकदम. मधल्या पायऱ्या त्यांनी गाळल्या होत्या. मग आम्ही त्या घातल्या: कांडी तिने आत-बाहेर हलवायची, मग कांडी त्याच्या हातात पण त्याच्या हातावर तिचा हात, मग त्याचं बोट, एकदा आत गेल्यावर न हलवता, मग त्याचं लिंग नुसतं बाहेर टेकवून पडून राहायचं, जसं सुरुवातीला बोट टेकवलं होतं, मग ती वर, तो पाठीवर गप्प, आणि तिने कांडीसारखंच धरून फक्त टोक आत घ्यायचं, तेवढ्यावर थांबायचं. हालचाल त्याच्याही नंतर. आणि इथे आली आणखी एक अडचण, जी नेहमी येते आणि कोणी आधी सांगत नाही: ती तयार झाली तेव्हा त्याची ताठरता टिकेना. चार वर्षं ‘मी हिला दुखवतोय’ या भीतीने तोही काहीतरी शिकलाच होता. दोन-तीन आठवडे बाहेर टेकवण्याच्याच पायरीवर राहिले, घाई केली नाही, आणि ते सुटलं. सगळं मिळून सहा महिने गेले.

तुमच्या नवऱ्याला हे पत्रोत्तर वाचायला द्या, पापणीचा भाग तरी द्याच. त्याला समजू द्या की आवळणारा स्नायू माणूस बघत नाही. स्नायूला टॅम्पॉन आणि डॉक्टरही तसेच. मात्र नवऱ्याला तुमचा मास्तर होऊ देऊ नका. ‘आज कितवी कांडी?’ हा रोजचा प्रश्न कितीही प्रेमाने विचारला तरी परीक्षेचा होतो. आठवड्यातून एकदा तुम्हीच सांगा.

सोबतीला पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे या झोळीचं, काम करणारी फिजिओथेरपिस्ट मिळाली तर फार सोपं होतं, कारण दिशा आणि श्वास या चुका दुसऱ्याला चटकन दिसतात. भीती आठ-नऊच्या खाली उतरतच नसेल, तर सेक्स थेरपिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञही बरोबर हवेत. बधिर करणारं जेल त्वचेची आग असेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून लावावं. नुसत्या भीतीवर ते लावून कार्यभाग उरकला, तर मेंदू शिकतो ते एवढंच की बधिर असताना दुखत नाही. दारूचा एखादा घोट घेऊन सैल व्हा, हा मैत्रिणींचा सल्लाही त्याच माळेतला. बोटॉक्सचं इंजेक्शन ऐकलं असेल. गुंगी देऊन ते त्या आवळणाऱ्या स्नायूत देतात, काही महिने स्नायू ढिला राहतो आणि त्या मुदतीत कांड्यांचा सराव करायचा असतो. नीट केलेल्या सरावाने महिनोन्‌महिने काही हललं नाही, तर त्याचा विचार करण्यासारखा आहे. सराव टाळायला म्हणून नाही, कारण इंजेक्शनने स्नायू ढिला होतो, भीती नाही.

मुलाबद्दल. व्हजायनिस्मसमुळे गर्भाशय, बीजकोश यांत काही बिघाड होत नाही. वीर्य योनीच्या तोंडाशी पडूनही गर्भ राहू शकतो, आणि संबंध न जमलेल्या काही जोडप्यांना स्वच्छ, बिनसुईच्या सिरिंजने ते तोंडाशी सोडून दिवस गेलेले आहेत. डॉक्टरी उपायांपैकी आययूआयला, म्हणजे वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडण्याला, मात्र स्पेक्युलम लागतंच. माझं मत विचाराल तर वय २८ आहे, सहा-आठ महिने आधी याला द्या. मूल आधी झालं तर गरोदरपणात आणि कळा सुरू झाल्यावर आतून तपासण्या होतात, आणि त्या वेळी ही भीती घालवायला मन मोकळं असतं असं नाही. तरीही आधी दिवस राहिले, तर प्रसूतीच्या डॉक्टरांना हा त्रास पहिल्याच भेटीत सांगा. योनीमार्गे प्रसूती होऊ शकते. केवळ व्हजायनिस्मस आहे म्हणून सिझेरियन ठरत नाही.

नवीन डॉक्टरांकडे जाताना तोंडाने सांगायला जड जाईल, म्हणून हा मजकूर कागदावर लिहून न्या आणि आत गेल्यावर आधी तो हातात द्या:

‘मला व्हजायनिस्मस असावा. आजवर आत काहीही जाऊ शकलेलं नाही: बोट, टॅम्पॉन, संबंध, तपासणी. पाळी नियमित आहे. तोंडाशी आग होते. आज कृपया फक्त बोलूया. पुढच्या वेळी बाहेरून बघावं आणि कापसाच्या काडीने तपासावं. तेव्हा आरसा माझ्या हातात द्यावा. मी थांबा म्हटलं की थांबावं. स्पेक्युलम आणि आतली तपासणी आत्ता नको.’